भिंतीवरचा रोस्टर

हॉटेलातल्या नोकरीच्या ट्रायलला सव्वादहाला बोलावलं होतं आणि शेफ यायला अकरा वाजले. त्या पाऊण तासात कुणी मला खुर्ची दिली नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं. टाइम ऑफिस ओलांडून किचनकडे जाणाऱ्या बोळात उभी होते आणि समोरच्या बोर्डावर इंडियन किचनचा ड्युटी रोस्टर टाचलेला होता. डावीकडे नावं, वर वार आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर. एम म्हणजे मॉर्निंग, ए म्हणजे आफ्टरनून, बी म्हणजे ब्रेक शिफ्ट, ओ म्हणजे साप्ताहिक सुट्टी आणि सीओ म्हणजे सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावल्याबद्दल नंतर मिळायची भरपाई सुट्टी. येणारे-जाणारे त्या कागदाकडे बघतही नव्हते. तो वाचायचा कसा हे मला माझ्या पहिल्या नोकरीनं शिकवलं होतं, आणि फी भरपूर घेतली होती.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. बाबा बँकेत, आई शाळेत. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रवेशासाठी एनसीएचएमची जेईई दिली, ग्वाल्हेरच्या आयएचएममध्ये तीन वर्षांच्या बीएस्सीला लागले. घरी विरोध असा झाला नाही, पण आजी बरेच दिवस लोकांना सांगायची की नात होम सायन्स करतेय. दुसऱ्या वर्षी सतरा आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतं आणि त्यात चारही खात्यांत फिरावं लागतं. किचनच्या वाट्याला माझे चार आठवडे आले. त्यातले तीन मी लसूण सोलण्यात आणि कोथिंबीर निवडण्यात घालवले. रोज काय शिकलो ते लॉगबुकात लिहायचं असे आणि खाली सही घ्यायची असे. एकदा मी मुद्दाम लिहिलं, ‘आज नवीन काही शिकले नाही.’ त्याखालीही सही झाली. तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं.

पदवी हातात आली तेव्हा इंदुरातल्याच एका मोठ्या हॉटेलात लागले. नाव घेत नाही. पद कॉमी थ्री, म्हणजे शिडीची अगदी खालची पायरी. तिथून वर कॉमी टू, कॉमी वन, मग डेमी शेफ द पार्टी, मग शेफ द पार्टी किंवा सीडीपी म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख, आणि त्यानंतर सू शेफ. बाबांनी ऑफर लेटर वाचून विचारलं, “पगारही कमी आणि पदाचं नावही कमीच?” हसलो सगळे. हातात साडेतेरा हजार येणार होते.

एचआरच्या बाईंनी सांगितलं होतं, नऊ तासांची शिफ्ट, त्यात एक तास जेवणाचा. यात खोटं काही नव्हतं. फक्त ते नऊ तास दिवसात कुठे कुठे पसरलेले असतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि पुन्हा संध्याकाळी सात ते रात्री बारा. कागदावर नऊ तास होतात, पण दिवस तेरा तासांचा असतो. तीनला सुटणारी मी प्रत्यक्षात पावणेचारला सुटायचे, कारण संध्याकाळची तयारी दुपारच्या माणसानं करून ठेवायची असते. घरी जाऊन यायला दीड तास. म्हणून लॉकर रूममध्ये दोन खुर्च्या जोडून पडायचं. मुलं मागच्या जिन्यात गोण्या टाकून झोपायची. हा मधला वेळ पगारात धरत नाहीत आणि सुट्टीतही धरत नाहीत. तो नुसताच जातो.

डिसेंबरात मी वहीत तास लिहायला लागले. अंगठा लावल्याची वेळ लिहायची, येतानाची आणि जातानाची, मधला ब्रेक वजा करून. लग्नसराई होती. महिन्याअखेर बेरीज केली: एकोणतीस दिवस काम, दोन सुट्ट्या, एकूण ३१९ तास. आठवड्याला ४८ तास धरले तर महिन्याचे होतात साधारण २०६. वरच्या ११३ तासांचं काय, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही, कारण विचारणाराच किचनमध्ये शोभून दिसत नाही. साडेतेरा हजाराला ३१९ नं भागलं तर तासाला बेचाळीस रुपये पडतात. बाबांनी तो हिशेब पाहिला आणि वही मिटून ठेवली. फेब्रुवारीअखेर माझे सात सीओ बाकी होते, एक मिळाला, उरलेले सहा तिमाही संपल्यावर ‘लॅप्स’ झाले.

तासांची तक्रार तरी मी गिळली असती. लग्नसराईत कोणतंच किचन आठ तासांत आटोपत नाही आणि हे माहीत असूनच मी आले होते. पोटात ढवळलं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं.

जानेवारीतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी सहाशे माणसांचं जेवण होतं, म्हणून रात्रीच मखनी ग्रेव्ही करून ठेवायची होती. चाळीस लिटरचं भांडं. साडेबाराला गॅस बंद झाला. सू शेफ गेले होते. सीडीपी म्हणाला, “वॉक-इनमध्ये ढकल आणि निघ, कॅब उभी आहे.” मी आणि एका मुलानं मिळून ते भांडं ट्रॉलीवर चढवलं, वॉक-इन कूलरमध्ये ढकललं, झाकण लावलं. सकाळी नऊला झाकण काढलं तर कडेनं बारीक बुडबुडे चढले होते आणि वास आंबट, टोमॅटोचा आंबट नव्हे, शिळ्या पिठाचा. पळी फिरवली तर वरचा थर गार होता आणि आतला भाग कोमट.

असं का होतं हे मला आयएचएममध्ये शिकवलं होतं, पण पाठ असणं आणि मध्यरात्री हाताला सुचणं यात फरक आहे. दाट ग्रेव्ही पाण्यासारखी भांड्यात फिरत नाही. कडेची गार होते, मधली तशीच गरम राहते, आणि काजूच्या ग्रेव्हीत उष्णता आणखी धरून राहते. वॉक-इनची थंडी चाळीस लिटरच्या पोटात सकाळपर्यंत पोचत नाही. उलट त्या भांड्यानं शेजारचं दूध आणि क्रीमही कोमट केलं. नियम असा की शिजलेला पदार्थ साठ अंशांवरून एकवीसवर दोन तासांत यायला हवा आणि तिथून पाच अंशांवर पुढच्या चार तासांत. त्यासाठी भांड्यातून उथळ ट्रेमध्ये ओतायचं, बोटाच्या दोन पेरांपेक्षा जास्त जाडीचा थर नको, खाली बर्फ, मधून मधून ढवळायचं आणि गार झाल्यावरच झाकायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. त्या रात्री आमच्यापैकी कुणाजवळ अर्धा तास नव्हता, आणि किचनमध्ये प्रोब थर्मामीटर नव्हतंच. असलं तर ऑडिटच्या दिवशी दिसायचं.

ग्रेव्ही फेकली. त्यावर सकाळच्या ब्रीफिंगमध्ये आरडाओरड झाली आणि माझ्या पगारातून अकराशे रुपये गेले. सीडीपीच्याही गेले असतील, माहीत नाही. पण ती का बिघडली हे कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी ब्रीफिंगला अकरा माणसं उभी होती आणि त्यातल्या किमान सहा जणांना कारण ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्री ग्रेव्ही झाली आणि पुन्हा भांडं तसंच आत गेलं. यावेळी थंडी जास्त होती म्हणून वाचलं, एवढंच.

तेव्हा मी पहिल्यांदा तिथला रोस्टर नीट पाहिला. अकरा नावं, सात वार, सत्त्याहत्तर चौकटी. त्यात ओ फक्त चार. बी सेहेचाळीस. आणि गंमत म्हणजे कागद अगदी स्वच्छ होता, एकही खाडाखोड नाही. खरं तर रोज कुणाची तरी सुट्टी रद्द होत होती, पण ते कागदावर उतरत नव्हतं. कागदावर नाही म्हणजे सीओ मागायला पुरावाही नाही. तेव्हापासून अगदी कोरा-करकरीत रोस्टर दिसला की मला धास्ती वाटते. आठवड्यात गोष्टी बदलतातच. त्या बदलाची खूण निळ्या पेनानं दिसली पाहिजे.

मार्चअखेर राजीनामा दिला आणि एप्रिलात तीन ठिकाणी ट्रायल दिल्या. एक ठिकाण परत मोठ्या हॉटेलाचंच होतं, तिथे माझं नाव वाचूनच म्हणाले, “बेकरीत घेऊ.” मुलगी म्हणजे बेकरी किंवा कोल्ड सेक्शन, म्हणजे सॅलड आणि फळं कापणं, ही आमच्या धंद्यातली ठरलेली गाठ. बेकरी वाईट नाही. पण मला करी शिकायची होती आणि मी ते दोनदा सांगितलं. ते दोनदा हसले. विषय संपला.

दुसरं विजयनगरमधलं नवं रेस्टॉरंट. पगार अठरा हजार आणि पद थेट डेमी शेफ द पार्टी. म्हणजे एका उडीत तीन पायऱ्या. आईचे डोळे चमकले. ट्रायलला मी पनीर लबाबदार करायला उभी राहिले आणि विचारलं, “चॉप मसाला कुठे आहे?” कांदा-टोमॅटो बारीक चिरून परतलेला हा मसाला इंडियन किचनमध्ये रोज भांडंभर लागतो. समोरच्या मुलानं फ्रीज उघडून हवाबंद पाकीट दिलं. मखनी पाकिटात, पांढरी ग्रेव्ही पाकिटात, बिर्याणीचा मसाला पाकिटात. सगळं शहराबाहेरच्या सेंट्रल किचनमधून रोज सकाळी येतं. इथल्या स्वयंपाक्यानं पाकीट कापायचं, वाडगाभर तव्यात ओतायचं, पनीर टाकायचं, क्रीम सोडायचं. चव प्रत्येक शाखेत एकसारखी राहते आणि मालकाच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर आहे. पण तिथे तीन वर्षं घालवून मला ग्रेव्ही करता येणार नव्हती. आणि तिथल्या पदाचं नाव घेऊन उद्या हॉटेलात गेले तर ते लोक ट्रायलमध्ये दहा मिनिटांत ओळखतात आणि पुन्हा कॉमी टूवर बसवतात. असा एक मुलगा मी पाहिलाय. त्याच्या कार्डावर सू शेफ छापलेलं होतं. शिवाय साप्ताहिक सुट्टीबद्दल लेखी काहीच नव्हतं. “तसं आम्ही बघून घेतो” म्हणाले. कोण कुणाला बघून घेणार ते स्पष्ट नव्हतं.

तिसरं ठिकाण म्हणजे मी ज्या बोळात उभी होते ते. मध्यम आकाराचं हॉटेल, इंडियन किचनमध्ये नऊ माणसं. चौकटी त्रेसष्ट. ओ नऊ, म्हणजे प्रत्येकाला एक. बी चौदा, तेही बहुतेक शुक्रवार, शनिवार, रविवारचे. दोन ओ निळ्या पेनानं खोडून त्या जागी ए केलेला होता, आणि त्याच दोन नावांपुढे पुढच्या दिवसांत सीओ लिहिलेलं होतं. एवढं पाहूनच मला हलकं वाटायला लागलं.

मग एक गोष्ट केली जी तेव्हा चोरटेपणाची वाटली. टाचणी एकच होती आणि तिच्याखाली मागच्या आठवड्यांचे कागद तसेच राहिलेले होते. मी वरचे उचलून सगळ्यात खालचा पाहिला. डिसेंबरचा होता. नऊपैकी सात नावं तीच. आधीच्या हॉटेलात चार महिन्यांत अकरातली चार राहिली होती. इथे त्या सात नावांपुढे सेक्शनचा रकाना होता आणि त्यातली तीन नावं जागा बदलून आली होती. डिसेंबरात जो तंदूरवर होता तो एप्रिलात करीवर होता, जो पँट्रीत होता तो तंदूरवर. दोघांच्या नावापुढे कंसात तेव्हा ‘३’ होता आणि आता ‘२’.

लोक मुलाखतीत विचारतात, तुमच्याकडे प्रमोशन किती वर्षांनी होतं. त्याचं उत्तर नेहमी छान मिळतं. हा कागद कुणाला छान उत्तर द्यायला लिहिलेला नसतो, म्हणून मी त्याच्यावर जास्त विसंबते.

शेफ आले. पन्नाशीचे, गढवालचे, आवाज खाली. त्यांनी मला पाच किलो कांदा दिला आणि विचारलं, सोलल्यावर किती राहील. मी म्हटलं, साडेचार किलोच्या आसपास. “आसपास नको. सोल आणि वजन कर.” चार किलो चारशे भरला. मी मुळाकडचा भाग जास्त कापत होते. ते म्हणाले, शंभर ग्रॅमचा फरक तुला काही वाटणार नाही, पण आमचा कांदा रोज साठ किलो आहे. मग दाल तडका आणि जिरा राइस करायला सांगितलं. मी करत असताना ते डाळीकडे बघतच नव्हते. टेबल मी कधी पुसते, चव घेतलेला चमचा पुन्हा भांड्यात घालते का, तडका होताना पाण्याचा ओला हात तेलाजवळ नेते का, एवढंच. डाळ चाखून म्हणाले, “मीठ बरोबर आहे, पण उशिरा घातलंस. वर राहिलंय, आत नाही.” खरं होतं. ट्रायलच्या घाबरटपणात मी शेवटी घातलं होतं. सहा महिन्यांत माझं जेवण चाखून कुणी कारण सांगण्याची ती पहिली वेळ.

मी विचारलं, “करी सेक्शनला कधी येईन?” ते म्हणाले, “आधी सहा महिने पँट्री आणि कोल्ड. मग करी. तंदूरचं मी बोलणार नाही, ते उस्ताद ठरवतात.” पगार सोळा हजार आठशे, त्यातून पीएफ आणि ईएसआय कापून. ईएसआयबद्दल आई कुरकुरली, पण भाजलं की त्याची किंमत कळते आणि किचनमध्ये भाजतंच. आठवडाभर घरात अठरा विरुद्ध सोळा आठशे चाललं. शेवटी मी त्या तासांच्या वहीचं पान काढून समोर ठेवलं.

पँट्रीचे सहा महिने सरळ गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सँडविच, रायतं, फळांच्या प्लेटा. पण रोज सव्वादहाला पंधरा मिनिटांचं ब्रीफिंग असायचं आणि त्यात एक जण एक गोष्ट करून दाखवायचा. माझी पाळी आली तेव्हा मी त्या फुकट गेलेल्या चाळीस लिटरची गोष्ट सांगितली. शेफनी मला थांबवून विचारलं, “आत कोमट होती म्हणतेस, किती अंश?” मी म्हटलं, मोजलं नव्हतं. त्यांनी खिशातून प्रोब काढून माझ्या हातात दिला आणि त्या रात्रीपासून ग्रेव्ही गार करायची नोंद माझ्याकडे आली. ट्रेची खोली, सुरुवातीचं तापमान, दोन तासांनंतरचं, सहा तासांनंतरचं. कंटाळवाणं काम. पण महिनाभरात मला आकडा न बघता हाताच्या पाठीला कळायला लागलं.

करीवर आल्यावर खरी शाळा सुरू झाली, आणि ती जैन मखनीवर. इंदुरात बँक्वेट म्हणजे जैन काउंटर असणारच. कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, बटाटा-गाजर नाही. बाहेरच्याला वाटतं, काढून टाकलं की झालं. पण कांदा फक्त चवीसाठी नसतो, तो ग्रेव्हीला अंग देतो. तो काढला की टोमॅटोचं पाणी आणि आंबटपणा उघडा पडतो. माझी पहिली मखनी फुटली. क्रीम घातलं आणि दोन मिनिटांत दाणेदार झाली, कडेला पाणी सुटलं. सेक्शनचे सीडीपी बंगालचे, कमी बोलणारे. त्यांनी काही न बोलता माझ्यासमोर पुन्हा लावली. दहा किलो टोमॅटो, किलोभर काजू, थोडी मगज, हिरवी वेलची, काश्मिरी मिरची. सगळं मऊ शिजवून वाटलं आणि दोनदा गाळलं. मग बटरमध्ये मंद आचेवर चाळीस मिनिटं. मी अधीर होऊन क्रीमचा कॅन उचलला तर त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. कडेनं बटर वर येऊन लाल कड दिसेपर्यंत थांबायचं. टोमॅटोतलं पाणी गेलं नसेल तर आंबटपणा कच्चा राहतो आणि क्रीम त्यातच फुटतं. कड दिसली की गॅस बंद, उकळी पूर्ण बसू द्यायची, मग क्रीम, आणि आधी त्यात पळीभर ग्रेव्ही मिसळून ते कोमट करून. कसुरी मेथी सर्वांत शेवटी, हातावर चुरून.

पुढचे अकरा दिवस रोज तेच लावायला लावलं. अकराव्या दिवशी चाखून म्हणाले, “हूं.” तो हूं मी घरी येऊन आईला सांगितला. तिला कळेना की मी एवढी खूश का आहे.

सगळंच असं नव्हतं. तंदूरचे उस्ताद आपला मसाला घरूनच पुड्या बांधून आणायचे आणि मॅरिनेशन घालताना पाठ करून उभे राहायचे. हॉटेलात स्टँडर्ड रेसिपी कार्ड असतं, त्यावर त्यांच्या मॅरिनेशनचे आकडेही होते, पण त्या आकड्यांनी तसा टिक्का कधीच झाला नाही. मी मागे लागले तर म्हणाले, “तंदूर में लड़की? हाथ के बाल जल जाएँगे, बेटा.” मी म्हटलं, माझ्या हाताला केस नाहीत. हसले, पण शिकवलं नाही. शेफही त्यात पडले नाहीत. उस्ताद उद्या दुसऱ्या हॉटेलात गेले तर टिक्का त्यांच्याबरोबर जातो, हे शेफना माहीत आहे. आजही मला तंदूरवर रोटी लावता येते, त्यापुढे काही नाही.

लग्नसराईत इथेही तेरा-तेरा तास झाले. देवउठनी एकादशी झाली की इंदुरात हॉल मिळत नाहीत आणि आम्हाला झोप मिळत नाही. फरक एवढाच की ते रोस्टरवर पेनानं लिहिलेलं होतं आणि मार्चपर्यंत माझे पाचही सीओ मिळाले. रात्री बारा वाजून गेल्यावर कॅब घरापर्यंत येते. मुलं मात्र सुटल्यावर सराफ्यात जातात. पाचशे माणसांचं जेवण लावून आल्यावर एक वाजता उभ्यानं भुट्ट्याचा कीस खाणारी ती मंडळी बघून कुणाला वाटेल, यांनी दिवसभर अन्न पाहिलंच नसेल. एकदा मीही गेले होते. बाबा घ्यायला आले, आणि त्यांनीही दोन प्लेट खाल्ल्या.

चौदाव्या महिन्यात कॉमी टू झाले. त्यासाठी ट्रायल पुन्हा झाली: तीन ग्रेव्ही, एक पुलाव, एक इंडेंट, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या दोनशे माणसांच्या जेवणासाठी स्टोअरकडून काय काय मागायचं त्याची यादी. ग्रेव्ही पास झाल्या. इंडेंटमध्ये मी पनीर चौदा किलो जास्त मागितलं. शेफनी लाल पेनानं गोल केलं आणि विचारलं, “हे कुणाच्या घरी न्यायचं?” पगार एकोणीसशेनं वाढला.

आता माझ्यासमोर अडचण वेगळी आहे. दोन वर्षांत मी अख्खा मासा एकदाही साफ केलेला नाही. इथे बँक्वेट ऐंशी-नव्वद टक्के शाकाहारी, आणि जे मटण-मासळी लागते ती कापून, साफ होऊन, पिशवीत येते. जैन काउंटर मी झोपेतही लावेन, पण उद्या मुंबई-गोव्यात ट्रायलला गेले आणि कुणी समोर सुरमई ठेवली तर हात थरथरेल. आमच्याच साखळीचं एक हॉटेल किनाऱ्यावर आहे. तिथे तीन महिने क्रॉस एक्स्पोजरला पाठवा असा अर्ज दिलाय. पगार इथलाच, राहणं तिथलं. शेफनी सही केली, एचआरकडे आहे.

मागच्या आठवड्यात सीडीपी गावी गेले होते आणि शेफनी रोस्टर माझ्याकडे दिला. नऊ नावं, त्रेसष्ट चौकटी. शनिवारी सातशे माणसांचं लग्न, रविवारी ब्रंच. मी पेन्सिल घेऊन बसले आणि तासभर उठलेच नाही. प्रत्येक ओ कुठेतरी ठेवला की दुसरीकडे सेक्शन रिकामा पडत होता. नवीन आलेल्या मुलाला सलग तीन बी पडत होते, मग मी एक खोडून स्वतःला घेतला. रविवारी मावसभावाच्या मुलाची मुंज होती, तिथे स्वतःला ओ लिहिला. शेफनी कागद पाहिला, एक शब्द बोलले नाहीत, माझा ओ खोडून बुधवारी टाकला आणि रविवारच्या चौकटीत निळ्या पेनानं एम केला.

मुंजीला मी दुपारी चारला पोचले. भिक्षावळ झाली होती, पंगत उठली होती. काकूंनी झाकून ठेवलेलं ताट काढलं आणि विचारलं, “तुम्ही हॉटेलवाले जेवता कधी गं?”